राखून ठेवलेला साक्षीदार

«हुशार वकील मुख्य साक्षीदार शेवटच्या तारखेपर्यंत लपवून ठेवतो. समोरच्याला तयारीच करता येत नाही, केस तिथेच फिरते. 'ऑब्जेक्शन' म्हटलं आणि जजनी मान्य केलं की प्रश्न रेकॉर्डवरून पुसला जातो. आणि साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, त्यामुळे त्याला खोटं बोलता येत नाही. कोर्टात केस असलेल्या प्रत्येकाला पाठवा.»

पाठवलंच कुणीतरी, आमच्या मामांना. त्यांच्यावर पुतण्याने वाटपाचा दावा लावलाय. मामांचं म्हणणं, वाटप आजोबांच्या हयातीतच तोंडी झालं. त्या बैठकीला हजर असलेले शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ अजून आहेत. मामांनी त्यांचं नाव स्वतःच्या वकिलालासुद्धा सांगितलेलं नाही. का, तर म्हणे 'शेवटी काढू'! मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, आणि हे मला चहा पिताना सहज कळलं.

दिवाणी दाव्यात कोर्टाने वादाचे मुद्दे काढले की पंधरा दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची असते. यादीबाहेरचं नाव घ्यायचं तर ते आधी का दिलं नाही याचं पुरेसं कारण कोर्टाला पटवावं लागतं. 'समोरच्याला गाफील गाठायचं होतं' हे कारण कुठल्या तोंडाने सांगणार? आता, समन्स न काढता साक्षीदार तुम्ही स्वतः घेऊन आलात तर कोर्ट बऱ्याचदा परवानगी देतं, हे खरं. पण तरी मामांचा डाव बसत नाही, आणि याचं कारण दिवाणी प्रक्रिया संहितेत साफ लिहिलंय: आदेश १८, नियम ४. २००२ पासून पक्षकाराने आणलेल्या साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे त्याला आणणाऱ्याच्या बाजूने होणारी पहिली साक्ष, शपथपत्रावर होतो आणि त्याची प्रत समोरच्याला द्यावी लागते. म्हणजे शेजारचे आजोबा जे काही सांगणार ते टाइप होऊन पुतण्याच्या वकिलाच्या टेबलावर जाणार. ते वाचून तो उलटतपासासाठी तारीख मागणार, आणि ती मिळणार. प्रत्यक्ष पिंजऱ्यात आजोबांना विचारलं जातं ते एवढंच: शपथपत्र तुमचंच का, सही तुमचीच का, मजकूर खरा का. मग थेट उलटतपास. तिथे त्यांच्या उत्तरांवरून न्यायाधीश 'हे खरे आहे की', 'हे म्हणणे खरे नाही की' अशी वाक्यं सांगत जातात आणि टंकलेखक ती टिपत जातो. नाट्य म्हणाल तर एवढंच.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. तोंडी वाटप झालं, कधी झालं, कुणाच्या वाट्याला कुठला गट आला, हे मामांच्या कैफियतीतच, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरातच, नसेल तर साक्षीदार कितीही खरा असो, त्या साक्षीचा उपयोग नाही. जे कैफियतीत नाही त्याच्या पुराव्याकडे कोर्ट बघत नाही. आणि ज्यांना अंधारात ठेवलं त्या वकिलानेच कैफियत लिहिलीय. शिवाय आपला पुरावा संपल्याची पुरसिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, एकदा दिली की पुन्हा दार उघडायला अर्ज, कारण आणि वर समोरच्याचा खर्च. तोवर शेजारचे आजोबा असतील याची हमी मेसेज पाठवणारा देणार आहे का? खरं तर साक्षीदार म्हातारा असेल तर त्याची साक्ष लवकर घ्या, आजारी असेल तर साक्ष नोंदवायला घरी कमिशनर पाठवा, असे अर्ज करता येतात. म्हणजे लपवायचं सोडा, त्याला सगळ्यांच्या आधी पुढे करायचा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. कागद अचानक काढता येतो. समोरच्या साक्षीदाराच्या उलटतपासात त्याला दाखवायचा कागद आधी दाखल करायची सक्ती नाही. साक्षीदार स्वतः वादी किंवा प्रतिवादी असला तरी हे चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, तेही मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या प्रकरणात. पण हे फक्त समोरच्याला पेचात पकडण्यापुरतं. आपला दावा ज्या कागदावर उभा आहे तो असा खिशात ठेवता येत नाही.

हरकतीचं थोडक्यात. पडद्यावर ज्या 'लीडिंग क्वेश्चन'वर आरडाओरडा होतो, तो सूचक प्रश्न उलटतपासात विचारायची कायद्यानेच मुभा आहे. आणि हरकत असूनही न्यायाधीशांनी प्रश्न विचारू दिला, तर तो प्रश्न, त्याचं उत्तर, हरकत, ती घेणाऱ्याचं नाव आणि कोर्टाचा निर्णय, सगळं साक्षीत उतरवतात. पुसणं दूरच, अपिलातल्या न्यायाधीशाला ते वाचता यावं अशीच ती सोय आहे.

गीता? शपथ कायदा १९६९ चा आहे. त्यातल्या नमुन्यात ईश्वरसाक्ष शपथ आहे किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आहे, कुठल्याही ग्रंथावर हात ठेवायला सांगितलेलं नाही. कोर्टात खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तरी लोक खोटं बोलतात.

मामांना म्हटलं, उद्या सकाळी शेजारच्या आजोबांचं नाव घेऊन वकिलाकडे जा, आणि आधी कैफियत काढून वाचायला सांगा. त्यात तोंडी वाटप नसेल तर दुरुस्तीचा अर्ज लागेल. पुराव्याला सुरुवात झाली असेल तर तोही सहजी मंजूर होत नाही.