झोप मधे आहे, पण कशाच्या मधे?

ताण, झोप आणि मूड यांच्यावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला असा सल्ला मिळतो, आणि तो जागोजागी चुकतो:

“मीडिएटर काय, मॉडरेटर काय, दोन्ही म्हणजे मधलं चल. ताण आणि मूड यांच्या मधे झोप टाका. ताणाचा गुणांक घटला की मीडिएशन सिद्ध. नाही घटला तर कमी झोपणारे आणि पुरेसं झोपणारे असे दोन गट पाडा. एका गटात निकाल सार्थ आला आणि दुसऱ्यात नाही, की मॉडरेशन सिद्ध.”

आधी ते ‘मधलं चल’. परीक्षा तोंडावर आलेली एक मुलगी रात्री दोन वाजता छताकडे बघत पडली आहे. ताणाने झोप उडवली, उडालेल्या झोपेने सकाळी मूड घालवला. इथे झोप मीडिएटर आहे: ताणाचा परिणाम तिच्यातून पुढे जातो, आणि त्यासाठी ताणाने झोप बदलावीच लागते. आता दोन मैत्रिणी घ्या. एकीची नेहमीची झोप साडेसात तास, दुसरीची पाच. तोंडी परीक्षेत दोघींनाही सारखीच बोलणी बसली. पहिली संध्याकाळपर्यंत विसरली, दुसरी दोन दिवस उदास. इथे ताणाने कुणाची झोप बदलली नाही. झोपेने फक्त तो घाव किती खोल जाईल ते ठरवलं. हे मॉडरेशन, आणि त्याला ताण आणि झोप यांच्यात सहसंबंध असण्याची गरजच नाही.

नीट पाहिलं तर ‘झोप’ हा शब्द एक असला तरी मोजायच्या गोष्टी दोन आहेत. पहिलीत त्या ताणानंतरची रात्र, दुसरीत ताणाच्या आधीपासूनची सवय. बॅरन आणि केनी या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये आपला गाजलेला लेख हाच घोळ निस्तरायला लिहिला होता. लोकांनी त्यातून मीडिएशन तपासायच्या पायऱ्या तेवढ्या उचलल्या.

आता ‘गुणांक घटला की सिद्ध’. हिशेबापुरते काल्पनिक आकडे घेऊ. ताण एका गुणाने वाढला की उदासीचा गुण 0.4 ने वाढतो. हा 0.4 म्हणजे ताणाचा गुणांक. झोप समीकरणात घातल्यावर तो 0.3 उरतो. मधला 0.1 झोपेच्या वाटेने गेला, असं म्हणायचा मोह होतो. पण समजा या मुलांपैकी काहींच्या घरी आजारी माणूस आहे. त्यामुळे त्यांचा ताणही वाढतो, रात्रीची झोपही मोडते, आणि मूडवर येणारा भार मोडलेल्या झोपेतून येतो. ताणाने झोपेला हातही लावला नाही, तरी गुणांक तसाच घटेल. घट दोन्ही प्रसंगी सारखीच दिसते.

दिशेचंही तसंच. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच प्रश्नावलीत भरून घेतल्या असतील, तर ‘ताणामुळे उदासी आणि उदासीमुळे झोप मोडली’ हे उलटं मॉडेलही त्याच आकड्यांवर तितकंच चपखल बसतं. सॉफ्टवेअर कुठलं खरं ते सांगत नाही. हाताशी असलेल्या आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा नमुने काढणाऱ्या बूटस्ट्रॅपने अप्रत्यक्ष, म्हणजे झोपेच्या वाटेने जाणाऱ्या, परिणामाची विश्वास-मर्यादा मिळते आणि ती जरूर काढावी. बाणाची दिशा मात्र तिच्यात नसते. त्यापेक्षा रोजनिशी बरी: संध्याकाळी ताण, सकाळी आदल्या रात्रीची झोप, दुपारी मूड. मग निदान क्रम तरी ठरतो. आजारी माणसाचा प्रश्न तरीही उरतो. प्रयोगशाळेत चिठ्ठ्या टाकून ताण वाटला तरी झोप काही चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसते, त्यामुळे झोप ते मूड हा दुवा उघडाच राहतो.

दोन गटांची युक्ती सगळ्यात जास्त फसवते, कारण ती दिसायला स्वच्छ असते. पुन्हा काल्पनिक आकडे. कमी झोपणाऱ्यांत ताणाचा गुणांक 0.40, प्रमाण त्रुटी 0.18, p साधारण 0.03, म्हणजे नेहमीच्या 0.05 च्या खाली, म्हणून सार्थ. पुरेसं झोपणाऱ्यांत 0.28, प्रमाण त्रुटी 0.165, p साधारण 0.09, म्हणजे नाही. निबंधात लगेच वाक्य येतं: ‘झोप कमी असेल तरच ताणाचा परिणाम होतो.’ पण प्रश्न दोन गुणांकांतल्या फरकाचा आहे. फरक 0.12. त्याची प्रमाण त्रुटी, दोन्ही त्रुटींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, सुमारे 0.24. फरक स्वतःच्या त्रुटीच्या निम्मा! यातून मॉडरेशनचा पुरावा निघत नाही. मॉडरेशन नाही, असंही अर्थात सिद्ध होत नाही.

मुळात गट पाडायचेच कशाला? सहा तासांवर रेघ ओढली तर पाच तास पन्नास मिनिटं आणि सहा तास दहा मिनिटं झोपणारे वेगळ्या जातीचे ठरतात, आणि चार तासवाला पाच-पन्नासवाल्याच्या पंगतीला बसतो. झोप तासांतच ठेवा आणि गुणाकाराचं पद घाला:

```
Y = b0 + b1*X + b2*W + b3*X*W
```

Y उदासी, X ताण, W नेहमीच्या झोपेचे तास. मॉडरेशनचा निकाल `b3` वर लागतो. इथे `b1` ला ‘ताणाचा परिणाम’ म्हणू नका; तो शून्य तास झोपणाऱ्या माणसासाठीचा आकडा आहे. W मधून सरासरी वजा केली की `b1` सरासरी झोपेच्या माणसाचा होतो, `b3` जिथल्या तिथे राहतो.