खुलासा: सूत्राने शून्य सांगितले तरी अनिश्चितता उरते

मोजमापाची अनिश्चितता काढण्याबद्दल एक समज ऐकू येतो: “मॉन्टे कार्लो म्हणजे आकडे उधळून काढलेला अंदाज. अनिश्चितता खरी ती सूत्राचीच.”

उलटेही घडते. १००० मिमी अंतर मोजताना टेप जरा तिरकी बसली, तर खरे अंतर L cos θ; L म्हणजे टेपवरचे माप, θ म्हणजे तिरकेपणाचा कोन. θ चे वितरण प्रसामान्य, सरासरी ० आणि प्रमाण विचलन ०.०१ रेडियन धरा. शून्यापाशी cos चा उतारच शून्य, म्हणून फक्त उतारावरून अनिश्चितता काढणारे नेहमीचे पहिल्या कोटीचे सूत्र तिरकेपणाचा वाटा शून्य सांगते!

आता मॉन्टे कार्लो करा, म्हणजे θ ची दहा लाख यादृच्छिक मूल्ये घेऊन दरवेळी अंतर काढा. सरासरी ०.०५ मिमीने घटते, प्रमाण विचलन ०.०७ मिमी येते. शिवाय चूक एकाच बाजूची असते, ९५ टक्के वेळा ०.१९ मिमीच्या आत. तिथे ± लिहिणेच चूक. मात्र θ चे वितरणच चुकीचे धरले असेल, तर फेऱ्या वाढवून ते सुधारत नाही.