चोवीस चौरस फुटांचं पत्र

भाडेकरारात बाल्कनी 85 चौरस फूट लिहिली आहे आणि तुम्ही मोजली तर ती 61 भरते. आता पत्र लिहायलाच हवं. पहिल्या ओळीत ‘फसवणूक’ हा शब्द ठेवा. तो वाचला की घरमालक शांतपणे टेप घेऊन तुमच्याकडे येण्याऐवजी वकिलाकडे जातो, आणि प्रकरणाला जरा वजन येतं.

त्याआधी मोजणी, आणि ती शक्यतो एकट्याने. टेपचं दुसरं टोक कठड्याला टेकलं आहे असं मनाशी धरून चालायचं. मधे झोल पडला की आकडा वाढतो, म्हणजे बाल्कनी मोठी ठरते आणि फायदा घरमालकाचा होतो. तेवढं औदार्य दाखवायला काय हरकत आहे? टेपच्या तोंडाशी असलेला पत्र्याचा आकडा हलताना दिसला तर हातोडीने ठोकून पक्का करा. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. भिंतीला टेकवला किंवा कडेला अडकवला, तरी त्याची स्वतःची जाडी मापात येऊ नये म्हणून तो तेवढाच मागेपुढे सरकतो. पण कारखान्यावर विश्वास ठेवायला आपण काय घरमालक आहोत?

मोजायचं लेझर यंत्र असेल तर ते भर उन्हात वापरा. ठिपका दिसत नाही, किरण कठड्याच्या गजांमधून निसटतो आणि समोरच्या इमारतीपर्यंतची मोकळी हवा तुमच्या बाल्कनीत जमा होते. भित्री माणसं संध्याकाळी मोजतात आणि गजांवर पुठ्ठा धरतात. माप यंत्राच्या पुढच्या कडेपासून धरलंय की मागच्या, हेही तीच तपासतात, कारण ते चुकलं तर फरक यंत्राच्या लांबीइतका पडतो.

समजा लांबी 14 फूट 6 इंच आली आणि रुंदी 4 फूट 3 इंच. गणकयंत्रात 14.6 गुणिले 4.3 असंच टाका. उत्तर येईल 62.8. फुटाला बारा इंच असतात, म्हणून खरं तर 14.5 गुणिले 4.25 करायचं असतं, आणि ते 61.6 भरतं, पण एवढ्याशासाठी कोण भागाकार करणार? पत्रात मात्र ‘61.625 चौरस फूट’ असं तीन दशांशांपर्यंत लिहा. या बाल्कनीची रुंदी मोजताना अर्धा इंच जरी इकडेतिकडे झाला तरी क्षेत्रफळ 0.6 चौरस फुटाने बदलतं. लांबीत तेवढीच चूक झाली तर जेमतेम 0.2 ने. म्हणून रुंदी दोन्ही टोकांना आणि मधे अशी तीनदा मोजायची असते. तुम्ही अर्थात एकदाच मोजा, तीही जिथे बाल्कनी सर्वांत अरुंद आहे तिथे.

आता खरी करमणूक. घरमालकाचे 85 आले कुठून, हे चुकूनही शोधू नका, कारण ते सापडण्याची भीती आहे. कठडा 6 इंच जाडीचा आणि तीन बाजूंनी आहे. लांबीत दोन्हीकडचे मिळवले की 15 फूट 6 इंच होतात. रुंदीत समोरचा कठडा 6 इंच आणि मागची घराची भिंत 9 इंच धरली की 5 फूट 6 इंच. गुणाकार 85.25. म्हणजे त्या माणसाने थाप मारलेली नाही. त्याने बाहेरून बाहेर मोजलं आणि तुम्ही आतून आत. वादातले 24 फूट विटांच्या आणि गिलाव्याच्या पोटात आहेत. हे पत्रात लिहिलं तर भांडणाची सगळी मजा जाईल. पण लिहिणारे लिहितात, आणि सोबत एवढंच विचारतात की करारातल्या क्षेत्रफळाची व्याख्या कोणती? बाकीच्या खोल्या आतून मोजल्या असतील तर एकट्या बाल्कनीला भिंतींसकट का मोजलं? या प्रश्नाला उत्तर देणं फसवणुकीचा आरोप झटकण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, म्हणून तो विचारू नये.

बाल्कनी पूर्ण धरायची की अंशतः, हा विषय तर टाळाच. जर्मनीत 2004 पासून लागू असलेल्या राहत्या क्षेत्राच्या नियमावलीत बाल्कनी साधारणपणे एक चतुर्थांश आणि जास्तीत जास्त निम्मी धरतात. भारतातल्या 2016 च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राच्या व्याख्येतून त्या सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी वगळली आहे, पण तो कायदा घरविक्रीचा. भाडेकराराला ती व्याख्या आपोआप चिकटत नाही. तुम्ही दोन्ही नियम एकाच परिच्छेदात, आपण कुठे राहतो याचा उल्लेख न करता, ठणकावून लिहा.

याने आकडे कसे नाचतात ते पाहा. करारात घर एकूण 620 फूट आहे, त्यात बाल्कनीचे 85. तुमचे 62 पूर्ण धरले तर घर 23 ते 24 फुटांनी कमी, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. निम्मी बाल्कनी धरली तर तफावत 54 फूट, जवळपास नऊ टक्के. चतुर्थांश धरली तर 70 फूट, अकरा टक्क्यांच्या वर. टेपने दिवसभर घाम गाळून जे मिळालं त्याच्या तिप्पट एका अपूर्णांकाने दिलं. पण तो अपूर्णांक करारात किंवा तुमच्या इथल्या नियमात असावा लागतो, ही त्यातली कटकट.

दुसरी कटकट म्हणजे भाडं. ते चौरस फुटावर ठरलंय की सरसकट, हे करार उघडून वाचण्याची घाई करू नका. ‘अंदाजे 620 चौरस फूट’ आणि खाली एकच ठोक रक्कम असेल तर भाडं कमी करण्याची मागणी बहुधा लंगडी पडते. मात्र देखभालीचा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटत असतील तर तिथे तेच 24 फूट दर महिन्याला बोलतात. म्हणून सगळा जोर भाड्यावर द्या आणि देखभालीचं कलम वाचायचं राहू द्या.

ज्यांना काहीच नाट्य जमत नाही ते असलं मिळमिळीत पत्र पाठवतात:

‘आदरणीय साहेब, करारात बाल्कनीचं क्षेत्रफळ 85 चौरस फूट नमूद आहे. कठड्याच्या आतून मोजलं असता ते सुमारे 61 ते 62 भरतं. मापांसह कच्चा नकाशा आणि टेपचे फोटो सोबत जोडले आहेत. करारातला आकडा कठडा आणि भिंत धरून काढलेला दिसतो. तो कोणत्या पद्धतीने काढला, हे कृपया कळवावं. आपल्या सोयीच्या दिवशी दोघांनी मिळून मोजणी करू. तोपर्यंत भाडं ठरल्याप्रमाणे भरत राहीन. त्याचा अर्थ करारातलं क्षेत्रफळ मला मान्य आहे असा धरू नये.’

शेवटचं वाक्य तर मुळीच उचलू नका. त्याऐवजी या महिन्यापासून स्वतःच चोवीस फुटांचं भाडं कापा, म्हणजे मोजणीचा वाद बाजूला पडून थकबाकीचा सुरू होईल आणि त्यात घरमालकाची बाजू भक्कम असेल.

आणि एकत्र मोजणी ठरलीच, तर आतल्या खोल्या आधी गुपचूप मोजून ठेवू नका. करारात 535 लिहिलेलं आतलं घर आतून 560 भरलं, तर घरमालकाला तो आकडा तुमच्याच टेपवर, तुमच्याच समोर वाचता येईल.