मिनिमम बॅलन्सचा दंड: आधी नोटिशीची तारीख मागा

मिनिमम बॅलन्स न ठेवल्याचा दंड कापला गेला की बहुतेक जण शाखेत जाऊन एकच वाक्य बोलतात, "साहेब, हे फार झालं, परत करा." काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरकडे बोट दाखवतो, "सिस्टीमने कापलंय" म्हणतो आणि विषय संपतो. दंड जास्त आहे की कमी, या वादात ग्राहकाच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण दर ठरवायचा अधिकार बँकेच्या संचालक मंडळाकडे आहे. दंड कापण्याची रीत मात्र रिझर्व्ह बँकेने बांधून दिली आहे. बँक चुकते ती तिथेच, आणि पत्रही त्यावरच लिहायला हवं.

रिझर्व्ह बँकेचं 20 नोव्हेंबर 2014 चं परिपत्रक याच विषयावर आहे. ते 1 एप्रिल 2015 पासून लागू झालं आणि शेड्यूल्ड व्यावसायिक बँकांच्या बचत खात्यांसाठी आहे. करंट खात्याला ते लावू नका. त्यात म्हटलंय की शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने ग्राहकाला कळवायचं: नोटिशीपासून महिन्याभरात शिल्लक भरली नाही तर दंड लागेल. तो महिना उलटल्यावरच दंड वसूल करायचा, आणि वसूल करतानाही पुन्हा कळवायचं. म्हणजे ग्राहकाला दोनदा कळायला हवं. प्रत्यक्षात अनेकांकडे एकच एसएमएस असतो, पैसे कापल्याचा. तो एसएमएस म्हणजे नोटीस नव्हे. बँक कितीही म्हणाली की "आम्ही मेसेज पाठवला होता", तरी कुठला मेसेज आणि कोणत्या तारखेचा, हे विचारायचंच.

एक उदाहरण घेऊ. खात्याला महिन्याची सरासरी 5,000 रुपये शिल्लक हवी आहे. जूनमध्ये 20 दिवस दिवसाअखेर 6,000 होते आणि उरलेले 10 दिवस 900. सरासरी काढताना रोजच्या अखेरच्या शिलकेची बेरीज करून महिन्याच्या दिवसांनी भागतात. इथे 1,20,000 अधिक 9,000, म्हणजे 1,29,000 भागिले 30, म्हणून 4,300. तूट 700 रुपयांची. 5 जुलैला खात्यातून 118 रुपये गेले: 100 दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. त्याच दिवशी कापल्याचा मेसेज आला, त्याआधी काही नाही. जूनची सरासरी जून संपल्यावरच कळते. बँकेने 1 जुलैला नोटीस दिली असती, तरी महिन्याची मुदत ऑगस्टच्या सुरुवातीला संपली असती. त्यामुळे 5 जुलैची वसुली नियमात बसतच नाही. 4,300 चे 5,000 का झाले नाहीत, या चर्चेत शिरायची गरजही पडत नाही.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. परिपत्रकाप्रमाणे दंड तुटीच्या टक्केवारीत हवा, म्हणजे तूट जेवढी त्या मानाने दंड. बँका त्यासाठी टप्पे ठरवू शकतात. पण 700 च्या तुटीला आणि 4,900 च्या तुटीला सरसकट 100 रुपयेच लागत असतील, तर ते प्रमाणात नाही. बँकेच्या संकेतस्थळावरचं शुल्कपत्रक उघडा आणि आपली तूट कुठल्या टप्प्यात बसते ते पाहा. आणि हो, केवळ या दंडामुळे बचत खातं उणे शिलकेत जाता कामा नये, हेही त्याच परिपत्रकात आहे.

पत्र लिहिण्याआधी वर्षभराचं स्टेटमेंट काढा. नोंद AMB किंवा MAB म्हणजे महिन्याची सरासरी शिल्लक, QAB म्हणजे तिमाहीची, किंवा नुसतं Min Bal अशी दिसते, शेजारी किंवा खालच्या ओळीत जीएसटी वेगळा असतो. प्रत्येक नोंदीची तारीख टिपून घ्या, कारण एकदा दंड लागला की त्या 118 नेच पुढच्या महिन्याची सरासरी थोडी खाली जाते आणि पुन्हा दंड लागू शकतो. सगळ्या नोंदी एकाच पत्रात मागा. नाहीतर बँक "सद्भावना म्हणून" एकाच नोंदीचे पैसे परत देते आणि तक्रार बंद करते.

पत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे, छोटं, पण नेमकं असावं. साधारण असं: "माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेला अमुक रुपये किमान शिल्लक दंड व जीएसटी म्हणून वजा झाले. त्यासंबंधी कृपया लेखी कळवावे: शिल्लक कमी असल्याची नोटीस कोणत्या तारखेला, कोणत्या माध्यमाने व कोणत्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर पाठवली, कोणत्या महिन्याची सरासरी किती धरली, आणि दंड कोणत्या टप्प्याने काढला. वसुलीआधी एक महिन्याची नोटीस दिली नसल्यास संपूर्ण रक्कम जीएसटीसह खात्यात परत जमा करावी." दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ऑनलाइन तक्रार केली तर तक्रार क्रमांक जपून ठेवा. क्रमांक न घेता फोनवर केलेली तक्रार पुढे दाखवता येत नाही.

बँकेचं नेहमीचं उत्तर म्हणजे "एसएमएस पाठवला होता". तो कोणत्या नंबरवर गेला हे कळलं की बरंच उलगडतं. नंबर बदलल्याचं तुम्ही बँकेला लेखी कळवलं होतं आणि तरी जुन्याच नंबरवर मेसेज गेला, तर बाजू तुमची. नंबर बदलून बँकेला कळवलंच नसेल, तर दावा कमकुवत आहे, हे मान्य करून पुढे जावं.

सगळ्यात जास्त गोंधळ जुन्या पगार खात्यांत होतो. नोकरी बदलली, पगार दुसरीकडे जमा होऊ लागला, काही महिन्यांनी बँकेने ते खातं साध्या बचत खात्यात टाकलं आणि शून्य शिलकेची सवलत गेली. अशा वेळी पत्रात एक प्रश्न वाढवा: खात्याचा प्रकार कधी बदलला आणि ते मला कधी कळवलं? किमान शिल्लक किंवा शुल्क बदलायचं असेल तर जुन्या खातेदारांना निदान महिनाभर आधी कळवावं, ही रिझर्व्ह बँकेची सूचना फार जुनी आहे. खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ तुमचा कुठलाच व्यवहार नसेल आणि ते निष्क्रिय ठरलं असेल, तर त्यावर किमान शिलकेचा दंड लावताच येत नाही. जनधन खात्याला तर किमान शिलकेची अटच नाही.

30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. cms.rbi.org.in वर तक्रार होते, पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. पत्राची पोच, बँकेचं उत्तर आणि स्टेटमेंटचं ते पान जोडा. माहितीसाठी 14448 हा फोन नंबर आहे. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते. तिथेही "दंड अन्यायकारक आहे" असं लिहू नका. बँकेच्या व्यावसायिक निर्णयांत लोकपाल पडत नाही. नोटिशीची तारीख, वसुलीची तारीख आणि मधले दिवस, एवढंच लिहा. पतसंस्थेतलं खातं असेल तर हा रस्ता नाही, तिथे सहकार निबंधकाकडे जावं लागतं.

पैसे परत आल्यावर रक्कम तपासा. 118 कापले असतील तर 118 च यायला हवेत. 100 परत देऊन जीएसटीचे 18 राहिले असतील, तर त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा लिहा. शिल्लक अपुरी म्हणून वसूल न झालेला दंड खात्यावर थकीत दाखवून ठेवलाय का, हेही लेखी विचारा. तो राहिला असेल तर पुढची रक्कम जमा होताच कापला जाऊ शकतो.