काय-स्क्वेअरचं ‘चार ओळींचं सूत्र’ कुठे कुठे घसरतं

> “काय-स्क्वेअरचा बाऊ करू नका. एकूण संख्येला खान्यांच्या संख्येने भागा, झाली अपेक्षित वारंवारता. खाने वजा एक म्हणजे डी.एफ. 95 टक्के खात्री हवी, म्हणून टेबलात 0.95 चा रकाना बघा. आकडे टक्केवारीत घेतले तरी उत्तर तेच येतं.”

बी.एड., एम.एड.च्या मुलांच्या वर्कशीटवर हा मजकूर मी इतक्यांदा पाहिलाय की आता कोणी कुणाचं उतरवलं हे विचारायचंही सोडून दिलं आहे. चारही वाक्यं चुकीची आहेत. ती कशी, हे एकाच सारणीवर बघू. आकडे सरावासाठी रचलेले आहेत: 200 विद्यार्थी, ते कुठे राहतात आणि कॉलेजला कसे येतात.

| | पायी | एसटीने | दुचाकीने | एकूण |
|---|---|---|---|---|
| शहरी | 42 | 44 | 34 | 120 |
| ग्रामीण | 18 | 46 | 16 | 80 |
| एकूण | 60 | 90 | 50 | 200 |

अपेक्षित वारंवारता. 200 भागिले 6 म्हणजे प्रत्येक खान्यात 33.33. फासा सहा बाजूंवर सारखा पडतो का हे तपासायचं असेल तर असा भागाकार बरोबर आहे. इथे प्रश्न तो नाहीच. शहरी मुलं जास्त आहेत, एसटीने येणारे जास्त आहेत, हे आपण आधीच मान्य केलं आहे. विचारायचंय एवढंच, की राहण्याच्या ठिकाणाचा आणि येण्याच्या साधनाचा काही संबंध नसता, तर याच बेरजा ठेवून खाने कसे भरले असते? एकूण 200 पैकी 60 पायी येतात, म्हणजे 30 टक्के. संबंध नसेल तर 120 शहरी मुलांतलेही 30 टक्केच पायी यावेत, म्हणजे 36. सूत्रात हेच लिहिलेलं असतं:

`E = (ओळीची बेरीज × रकान्याची बेरीज) / एकूण`

या हिशोबाने शहरी ओळीत 36, 54, 30 येतात आणि ग्रामीण ओळीत 24, 36, 20. ताळा सोपा आहे. अपेक्षित आकड्यांच्या बेरजाही 120, 80, 60, 90, 50 अशाच यायला हव्यात. सगळीकडे 33.33 लिहिलंत तर शहरी ओळीची बेरीज 100 होते. सारणीत 120 मुलं आहेत, मग वीस गेली कुठे?

हा चुकीचा भागाकार किती महाग पडतो ते बघा. समजा खऱ्या निरीक्षणातच नेमके 36, 54, 30 आणि 24, 36, 20 आले, म्हणजे संबंध अजिबात नाही. बरोबर पद्धतीने काय-स्क्वेअर शून्य येतो. 33.33 धरून केलात तर 21.52 येतो आणि वर्कशीटवर दिमाखात लिहिलं जातं, ‘संबंध सार्थ आहे’.

आपल्या सारणीत मात्र `(O − E)² / E` ची सहा उत्तरं अशी येतात: 1, 1.852, 0.533, 1.5, 2.778, 0.8. बेरीज 8.463.

डी.एफ. इथे मला मुलांना रागवायला जमत नाही, कारण नेमकी हीच चूक ज्याने ही कसोटी दिली त्या कार्ल पिअर्सननेही केली होती. 1900 साली त्याने काय-स्क्वेअर मांडला. सारणीतल्या अपेक्षित संख्या आपल्याच निरीक्षणातून काढलेल्या असल्या तरी खाने वजा एकच धरायचे, असं तो मानत राहिला. 1915 मध्ये ग्रीनवुड आणि यूल लसीकरणाच्या 2×2 सारण्या तपासत होते. दोन वाटांनी हिशोब केला तर उत्तरं जुळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. 1922 मध्ये फिशरने कारण दाखवलं: `(ओळी − 1) × (रकाने − 1)`. पिअर्सन इतका चिडला की त्याने फिशरची तुलना पवनचक्कीवर भाला घेऊन धावणाऱ्या डॉन किहोटेशी केली. पुढे फिशरने पिअर्सनच्याच मुलाने, एगॉनने, तयार केलेल्या सुमारे 12 हजार 2×2 सारण्या घेतल्या. काय-स्क्वेअरची सरासरी डी.एफ.इतकी असायला हवी. ती निघाली जवळपास 1. पिअर्सनच्या हिशोबाने 3 निघायला हवी होती.

हे हाताने पटवून घ्यायचं तर सारणीतले सगळे खाने पुसा, फक्त बेरजा ठेवा. आता शहरी ओळीत 42 आणि 44 लिहा. तिसरा खाना 34 आपोआप ठरला. खालची ओळही ठरली: 18, 46, 16. तुमच्या मर्जीचे खाने दोनच होते, म्हणून डी.एफ. 2.

0.05 पातळीला 2 डी.एफ.चं सारणी मूल्य 5.991 आहे, ‘खाने वजा एक’ने येणाऱ्या 5 चं 11.070. आपला 8.463 या दोघांच्या मधोमध आहे. म्हणजे शून्य परिकल्पना टाकायची की ठेवायची, ते पूर्णपणे डी.एफ.वर अवलंबून. बरोबर उत्तर: 8.463 हा 5.991 पेक्षा मोठा, परिकल्पना टाकायची. 0.01 पातळीला मूल्य 9.210 असल्यामुळे तिथे टाकता येत नाही, हेही अहवालात लिहावं.

0.95 चा रकाना. बहुतेक पाठ्यपुस्तकांच्या शेवटी जे टेबल असतं त्यात रकान्यावरचा आकडा वक्राच्या उजव्या शेपटीचं क्षेत्रफळ सांगतो. तिथे 0.95 खाली 2 डी.एफ.ला 0.103 सापडतं. एवढ्याशा मूल्याला कुठलीही सारणी ओलांडेल, त्यामुळे जगात सगळ्याचा सगळ्याशी संबंध निघतो. काही टेबलं डावीकडून साठत आलेलं क्षेत्रफळ छापतात, तिथे 0.95 बरोबर असतं. गोंधळ यातूनच होतो. म्हणून टेबल हातात आलं की आधी 1 डी.एफ.ची ओळ घ्या आणि 3.841 शोधा. त्याच्या डोक्यावर जो आकडा असेल, तोच तुमचा 5 टक्क्यांचा रकाना.

काही हुशार मुलं ‘द्विपुच्छ’ म्हणून 0.025 चा रकाना घेतात. इथे तसं अर्धं करायचं नसतं. फरक अधिक असो वा उणा, वर्ग केल्यावर दोन्ही उजवीकडेच जातात. 3.841 म्हणजे आपल्या ओळखीच्या 1.96 चा वर्गच.

टक्केवारी. समजा, एका विद्यार्थिनीने प्रबंधात हीच सारणी एकूणाच्या टक्क्यांत मांडली: 21, 22, 17, 9, 23, 8. प्रमाणं तीच, म्हणून तिला वाटलं उत्तरही तेच. काय-स्क्वेअर आला 4.23, म्हणजे बरोब्बर निम्मा, कारण 200 मुलांची 100 झाली. 5.991 च्या खाली गेल्यामुळे निष्कर्ष उलटला, आणि तिने वर लिहिलं की संबंध नाही हे ‘सिद्ध झालं’. मूल्य कमी आलं तर पुरावा अपुरा पडला एवढंच म्हणता येतं. कसोटीला माणसं मोजलेली लागतात.

टक्के कसोटीनंतर लिहायचे, आणि तिथे ते उपयोगी पडतात. 8.463 पैकी 4.63 एकट्या एसटीच्या दोन खान्यांतून आले. ग्रामीण मुलांतली 57.5 टक्के एसटीने येतात, शहरी मुलांतली 36.7 टक्के. पायी आणि दुचाकीचे खाने त्यामानाने शांत आहेत.