‘रोल-अप ठेवा, बिलं उडवा’: या फॉरवर्डला उत्तर

«ओएलटीपी, ओएलएपी हे मुलाखतीपुरते शब्द आहेत. १) डेटाबेस एकच पुरतो, रिपोर्ट स्लो असेल तर इंडेक्स लावा. २) डेटा क्यूब म्हणजे एक्सेलचं पिव्हट. स्लाइस म्हणजे लहान तुकडा, डाइस म्हणजे त्याहून लहान. ३) दर महिन्याचं रोल-अप काढून ठेवा आणि जुनी बिलं डिलीट करा. ड्रिल-डाउन म्हणजे उलटं रोल-अप, हवं तेव्हा करता येतं. सर्व्हर हलका होईल. पुढे पाठवा.»

माझ्या आतेभावाने हे मला पाठवलं आणि खाली विचारलं, “दादा, मागच्या दोन वर्षांची बिलं उडवू का?” त्याची औषधांची चार दुकानं आहेत: पुणे जिल्ह्यात कोथरूड आणि हडपसर, सातारा जिल्ह्यात सातारा आणि कराड. उडवू नकोस. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्याच लागतात, हे एक. पण कायदा बाजूला ठेवला तरी तिसरा मुद्दा मुळातच चूक आहे, म्हणून आधी तोच घेतो.

विक्रीच्या क्यूबला तीन बाजू धरा: काळ, दुकान, मालाचा प्रकार. काळात दिवस, महिना, वर्ष अशा पायऱ्या. दुकानाच्या वर जिल्हा. पायरी वर चढून बेरीज घेणं म्हणजे रोल-अप, खाली उतरून तपशील बघणं म्हणजे ड्रिल-डाउन. आता समजा, सातारा जिल्ह्याची विक्री जूनमध्ये ५,६०,००० होती आणि जुलैत ५,१०,००० झाली. पन्नास हजार गेले कुठे? एक पायरी उतरलो की दिसतं, साताऱ्याचं दुकान ३,००,००० वरून ३,०५,००० वर गेलंय. कराड मात्र २,६०,००० वरून २,०५,००० वर आलंय. कराडमध्ये मालाच्या प्रकारावर उतरलो: औषधं २,००,००० ची १,९५,००० झाली, शिशुआहार ६०,००० चा १०,०००. आता दिवसावर उतरलो, तर ४ जुलैनंतर शिशुआहाराचं एकही बिल नाही. माल संपला होता आणि कोणी ऑर्डरच टाकली नव्हती.

यातली प्रत्येक पायरी उतरता आली, कारण खाली बिलांच्या ओळी होत्या. फक्त ‘सातारा जिल्हा, जुलै, ५,१०,०००’ एवढंच ठेवलं असतं, तर त्या आकड्याचे दोन दुकानांत आणि दोन प्रकारांत हवे तितके वेगवेगळे तुकडे पाडता आले असते आणि खरा तुकडा कोणता ते कोणीच सांगू शकलं नसतं. बेरीज केली की घटक हरवतात. पडद्यावर बटण उलट दिशेने दाबता येतं म्हणून ड्रिल-डाउन ही गणिती उलट क्रिया ठरत नाही. ते बटण मागे जाऊन तपशिलाचं टेबल वाचतं. ते टेबलच पुसलं तर वाचणार काय?

बरं, वरही नीट चढता येत नाही. सरासरी बिलाचं बघा. एका दुकानात १०० बिलं, एकूण २०,०००, सरासरी २००. दुसऱ्यात १० बिलं, एकूण ८,०००, सरासरी ८००. रोल-अपमध्ये नुसत्या सरासऱ्या ठेवल्या असतील तर दोघांची मिळून कोणीतरी ५०० सांगणार. खरा आकडा २८,००० भागिले ११०, म्हणजे सुमारे २५५. जिम ग्रे आणि सहकाऱ्यांच्या डेटा क्यूबवरच्या १९९७ च्या शोधनिबंधात याची सरळ वर्गवारी आहे. बेरीज, मोजणी, किमान, कमाल हे आकडे तुकड्यातुकड्यांतून जोडता येतात. सरासरी जोडता येते, पण बेरीज आणि मोजणी दोन्ही सोबत नेली तरच. मध्यक मात्र ठरावीक आकाराच्या सारांशातून निघत नाही, त्यासाठी मूळ नोंदींकडे जावं लागतं. ‘तिमाहीत वेगवेगळी गिऱ्हाइकं किती’ हा प्रश्न याच तिसऱ्या गटातला. तीन महिन्यांचे आकडे बेरजेला घेतले तर दर महिन्याला बीपीच्या गोळ्या नेणारे आजोबा तीनदा मोजले जातात.

रोल-अप जरूर करा, तेही डेटाबेसकडूनच करून घ्या:

```sql
SELECT jilha, dukan, SUM(rakkam)
FROM vikri
GROUP BY ROLLUP (jilha, dukan);
```

यात दुकानाच्या ओळी, जिल्ह्याच्या ओळी आणि एक एकूण ओळ असे तिन्ही थर एकत्र येतात. वरच्या थरात `dukan` च्या जागी `NULL` दिसतो. म्हणून हा निकाल तसाच एक्सेलमध्ये टाकून खाली बेरीज मारली तर विक्री तिप्पट दिसते. कोणती ओळ बेरजेची आहे ते `GROUPING(dukan)` सांगतं: तिथे १ येतो.

इंडेक्सचं म्हणाल, तर काउंटरवर बिल फाडताना बिलाची एक ओळ, मालाच्या चार-पाच ओळी आणि त्या बॅचचा साठा, एवढंच बदलतं. सगळं होतं किंवा काहीच होत नाही. त्या ओळी शोधायला इंडेक्स उत्तम. हे झालं ओएलटीपी. वर्षाचा अहवाल मात्र सगळ्या ओळी वाचतो, त्यातले दोन-तीनच रकाने वापरतो आणि काही बदलत नाही. हे ओएलएपी. पोस्टग्रेस हा डेटाबेस ओळी ८ केबीच्या पानांत अख्ख्या ठेवतो, त्यामुळे रकमेसाठी बॅच नंबर, एक्स्पायरी, डॉक्टरचं नाव हे सगळंच उचलावं लागतं. `EXPLAIN` चालवून बघा. बहुतेक ओळी लागणार असतील तर इंडेक्स असूनही तिथे `Seq Scan`, म्हणजे अख्खं टेबल ओळीने वाचणं, दिसेल. रकान्यांनुसार साठवणारे डेटाबेस याच कामासाठी आहेत. वर प्रत्येक जादा इंडेक्सचं ओझं काउंटरवरच्या प्रत्येक नव्या बिलावर पडतं ते वेगळंच.

“पण पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही,” असं कोणीतरी म्हणेलच. नाही अडवत. पण तासभर चालणारा अहवाल जे जुनं चित्र धरून बसतो, त्यानंतर बदललेल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्या तोवर साफ करता येत नाहीत. साठ्याचं टेबल दर बिलाला बदलतं, तेच फुगतं. `pg_stat_activity` मधला `xact_start` बघितला की कोण अडून बसलंय ते कळतं.

दुसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. स्लाइस म्हणजे एक बाजू एकाच मूल्यावर गोठवणं: फक्त जुलै घेतला की दुकान आणि प्रकार एवढ्या दोनच बाजू उरतात. डाइसमध्ये बाजू तिन्ही राहतात, प्रत्येकीवर निवड होते: जून-जुलै, सातारा-कराड, औषधं-शिशुआहार, म्हणजे आठ कप्प्यांचा छोटा क्यूब. कोणता मोठा नि कोणता लहान याचा संबंध नाही.

पिव्हटचं मात्र निम्मं खरं आहे, मान्य करावं लागतं. पिव्हट टेबलमध्ये फिल्टर लावणं म्हणजे स्लाइसच, आणि चार दुकानांच्या काही लाख ओळींना वेगळं वेअरहाउस लागत नाही, एक पोस्टग्रेस पुरतं. आतेभावाला मी एवढंच सांगितलंय: अहवाल दुकानं बंद झाल्यावर किंवा रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या जुळ्या प्रतीवर, चालव, रात्री एक सारांश टेबल भर, त्यात दिवस, दुकान, प्रकार आणि बेरीज ठेव, बिलांची संख्या मात्र दिवस आणि दुकानावार वेगळी ठेव, नाहीतर दोन प्रकारांचं एकच बिल दोनदा मोजलं जाईल, सरासरी ठेवू नकोस, आणि बिलांचं टेबल वर्षावार पार्टिशन कर, म्हणजे जुनी वर्षं स्वस्त डिस्कवर हलवता येतील.