आजींच्या फोटोबद्दलच्या तक्रारीला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: “आजीच्या पंचाहत्तरीचा ग्रुप फोटो यांनीच काढला, त्यात आजीचा चेहरा हललेला आला. तो नीट करायला ४५० रुपये आणि दोन दिवस घेतले. माझ्या भाच्याने आजीचा जुना फोटो घालून फेस स्वॅप अ‍ॅपवर तेच काम १० सेकंदांत फुकट केलं.”

ताई, नमस्कार.

हॉलमध्ये उजेड कमी होता, शटर १/६० वर होतं आणि आजींनी नेमकी तेव्हाच मान वळवली. शटरचा वेग वाढवायला हवा होता. चूक माझी, त्यामुळे तिच्या दुरुस्तीचे पैसे घ्यायलाच नको होते. ४५० रुपये परत करतो.

पण काम तेच झालं, हे मला पटत नाही. भाच्याने केलेला फोटो तुम्ही छापायला पाठवलात, तेव्हा मी तो १२ बाय १८ इंचांच्या मापात उघडून पाहिला. मोबाइलवर तो छानच दिसतो. मात्र अशा कामासाठी सर्रास वापरलं जाणारं एक मॉडेल चेहरा जेमतेम १२८ बाय १२८ पिक्सेलचा बनवतं आणि मग तो ताणून मोठा केला जातो. तुमच्या छपाईत आजींचा चेहरा इंचाहून मोठा येतो, म्हणजे छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर तिथे ३०० च्या वर पिक्सेल लागतात. मधलं सगळं अंदाजाने भरलं जातं. म्हणून नाकाशेजारचा तीळ गेला आणि चष्म्याची खालची कड गालात विरघळली. शिवाय जुन्या फोटोतला चेहरा आला तो भुवयांपासून हनुवटीपर्यंतच. केस, कान, मान आजचीच राहिली. तीळ राहू दे, असं त्या अ‍ॅपला सांगायची सोयही नव्हती.

आम्ही त्याच रांगेतला, तीन क्लिक नंतरचा फोटो घेतला. तोच उजेड, तोच चष्मा. फोटोशॉपमध्ये दोन्ही थर जुळवून कान-केसांसकट पूर्ण डोकं घेतलं, पदराच्या कडेला मऊ ब्रशने मास्क केला, शेवटी रंग आणि दाणा जुळवला. काम दीड तासाचं होतं. दोन दिवस गेले ते लग्नसराईच्या रांगेत, आणि ते आधी सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगतो. त्या फोटोत १४ जण आहेत, त्यात लहान मुलंही. २०१९ मध्ये फेसअ‍ॅप या चेहरा बदलणाऱ्या अ‍ॅपवरून गदारोळ झाला, तेव्हा फोटो आपल्या सर्व्हरवर जातात आणि बहुतेक ४८ तासांत पुसले जातात, असं कंपनीनेच सांगितलं होतं. अटींमध्ये मात्र फोटो वापरायचा कायमचा परवाना होता. भाच्याला सांगा, फोन एअरप्लेन मोडवर टाकून आणि वाय-फायही बंद करून बघ. तरीही अदलाबदल झाली, तर निदान ते काम फोनमध्येच होतंय. अडलं, तर बहुधा फोटो बाहेर जातोय.

तुमचे फोटो आमच्याही हार्ड डिस्कवर आहेत. पैसे घ्यायला याल तेव्हा पेनड्राइव्ह आणा. सगळे देतो आणि तुम्ही म्हणालात तर तुमच्यासमोर पुसतो.